थायरॉइड कमी, कोलेस्टेरॉल आणि खालचं बीपी जास्त: आधी काय आवरायचं?

निशिगंध

मोठ्या बहिणीचे (वय 46, वजन 62 किलो) रिपोर्ट आले आहेत. थायरॉइड मंदावला की वाढतो तो टीएसएच 68, आणि थायरॉइडचं हार्मोन फ्री टी4 फक्त 0.3. एकूण कोलेस्टेरॉल 312, एचडीएल 52, ट्रायग्लिसराइड 190, एलडीएल 222. रक्तदाब तीनदा मोजला, साधारण 134/98. नाडी 54. स्नायू दुखतात म्हणून सीपीके केलं, ते 480. मधुमेह नाही, छातीत दुखत नाही, धाप लागत नाही. चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि थंडी फार वाजते.

थायरॉक्सिन सुरू होणार हे ठरलं आहे. प्रश्न पुढचा आहे. एका ठिकाणी थायरॉक्सिनबरोबर स्टॅटिन आणि बीपीची गोळी लगेच सुरू करा म्हणाले, दुसरीकडे नुसतं थायरॉक्सिन घ्या आणि थांबा म्हणाले. दोघांनी कारण सांगितलं नाही. एलडीएल 222 बघून थांबायची भीती वाटते. थांबायचं तर किती, आणि यातलं नक्की काय खाली येतं?

स्पष्टवक्ता

थायरॉइड मंदावला की लिव्हर जास्त कोलेस्टेरॉल बनवायला लागतं. म्हणून स्टॅटिन हाच थेट उपाय, कारण ते बनणंच थांबवतं. बीपीचं मात्र पटत नाही. नाडी 54 म्हणजे हृदय हळू चाललंय, मग बीपी कमी व्हायला हवं. ते थायरॉइडचं नसणार, वेगळं असणार.

चैत्रपालवी

थायरॉइडमध्ये तर धडधड होते, वजन उतरतं, हात थरथरतात ना? आमच्या शेजारच्या काकूंना तसंच झालं होतं आणि त्यांना नाडी कमी करणारी गोळी दिली होती. तीच विचारून बघा.

ओपीडीतला

चैत्रपालवी, तो उलटा आजार, थायरॉइड जास्त झाल्याचा. इथे नाडी आधीच 54 आहे. नाडी कमी करणारी गोळी या बाईंना देऊ नये, ती आणखी उतरेल. बीपीसाठी कुणी बीटा ब्लॉकर लिहिला तरी हेच लक्षात ठेवा.

स्पष्टवक्ता, तुमचं अर्धं बरोबर आहे: दोष लिव्हरमध्येच आहे. पण लिव्हर जास्त बनवत नाही. थायरॉइड कमी असताना कोलेस्टेरॉलचं उत्पादन उलट थोडं घटतं. बिघडतो तो निचरा. रक्तातले एलडीएलचे कण लिव्हर आत ओढून घेतं ते पेशींवरच्या एलडीएल रिसेप्टरनी, आणि ते रिसेप्टर किती तयार व्हायचे यावर टी3 चा, म्हणजे टी4 पासून बनणाऱ्या कामाच्या हार्मोनचा, हुकूम चालतो. टी3 कमी झालं की रिसेप्टर कमी होतात आणि कण रक्तात जास्त दिवस फिरत राहतात. शिवाय कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर होऊन ते शरीराबाहेर पडण्याची वाटही मंदावते. येणारं थोडं घटलं, जाणारं फार घटलं, म्हणून साठा वाढला. ट्रायग्लिसराइडचंही तसंच आहे, त्यांना फोडणारं एन्झाइम सुस्तावतं. एचडीएल बहुधा ठीकच असतं, कधी थोडं जास्तही. 52 बघून आश्चर्य नाही.

म्हणून थायरॉक्सिन हा इथे कोलेस्टेरॉलवरचाही उपाय आहे. रिसेप्टर परत आले की तुंबलेलं पाणी ओसरावं तसा एलडीएल उतरतो. सुरुवातीला जितका वर, तितका जास्त उतरतो.

स्पष्टवक्ता

निचऱ्याचं पटलं. पण मग स्टॅटिनसुद्धा शेवटी रिसेप्टरच वाढवतं असं वाचलंय. दोन्ही मिळून चांगलंच की.

ओपीडीतला

हो, स्टॅटिन रिसेप्टर वाढवतं, हे बरोबर. अडचण स्नायूंची आहे. सीपीके 480 म्हणजे स्नायू आधीच कुरकुरत आहेत, थायरॉइडमुळे. उपचार न झालेल्या थायरॉइडमध्ये स्टॅटिन दिलं तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. आणि समजा धोका टळला तरी दोन महिन्यांनी पाय दुखले, सीपीके 700 आलं, तर दोष कुणाचा? कायमचा शिक्का बसतो, "यांना स्टॅटिन सोसत नाही". पुढे खरोखर गरज पडते तेव्हा तो शिक्का आडवा येतो.

याला अपवाद आहे. ज्याला आधीच हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, अर्धांगाचा झटका आलाय, त्याचं चालू स्टॅटिन थांबवायचं नाही. तिथे डोस आणि स्नायूंवर लक्ष ठेवत दोन्ही चालतात. निशिगंध, तुमच्या बहिणीला यातलं काही नाही. इथे थांबण्यात तोटा दिसत नाही. 222 हा आकडा गेले कित्येक महिने असाच असणार, आणखी तीन महिन्यांनी चित्र पालटत नाही.

निशिगंध

धन्यवाद. बीपीचं काय? मलाही तोच प्रश्न पडलाय जो स्पष्टवक्ता यांनी विचारला. नाडी कमी आणि बीपी जास्त, हे कसं?

ओपीडीतला

वरचा आकडा आणि खालचा आकडा वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. हृदय एका ठोक्यात किती जोराने, किती रक्त ढकलतं याचं वजन वरच्या आकड्यात जास्त असतं. दोन ठोक्यांच्या मधे, हृदय विसावलेलं असताना, नळ्यांमधला दाब किती टिकून राहतो तो खालचा आकडा, आणि तो बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत यावर ठरतो.

टी3 या बारीक धमन्यांचे स्नायू सैल ठेवतं. ते कमी झालं की धमन्या आवळतात, त्यांच्या अस्तरातून निघणारं नायट्रिक ऑक्साइडही घटतं. शरीरभरातला हा विरोध 50 टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वाढू शकतो. त्याच वेळी हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त घटतं. म्हणून वरचा आकडा फार चढत नाही, खालचा चढतो, आणि दोन्हींतलं अंतर कमी होतं. बहिणीचं अंतर 36 आहे. वरचा जेमतेम वाढलेला, खालचा 98, नाडी मंद: हे तिन्ही एकत्र दिसले की थायरॉइड तपासल्याशिवाय बीपीची गोळी लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

आडवाटेने

"ठाम मत" थोडं सैल करा. बीपी इतकं सर्रास आढळतं की थायरॉइड आणि बीपी एकाच माणसात योगायोगानेही भेटतात. थायरॉइड सुधारल्यावर सगळ्यांचं बीपी उतरत नाही. 1988 साली अमेरिकेतल्या बीपीच्या रुग्णांच्या एका मोठ्या गटात थायरॉइड कमी असलेले शोधून उपचार केले, तेव्हा त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचाच खालचा आकडा फक्त थायरॉक्सिनवर 90 च्या आत आला. बाकीच्यांना बीपीचं औषध लागलंच.

ओपीडीतला

मान्य. तपासल्याशिवाय लिहू नये एवढंच म्हणणं आहे, उतरेलच असं नाही. वय जास्त असेल, बीपी अनेक वर्षांचं असेल, तर धमन्या नुसत्या आवळलेल्या नसतात, कडक झालेल्या असतात. त्यांना थायरॉक्सिन सैल करू शकत नाही. 46 व्या वर्षी, आधी बीपी नसताना, उतरण्याची आशा जास्त.

थांबण्याची मर्यादा मात्र हवी. 134/98 वर दोनतीन महिने घरी मोजत थांबता येतं. 160/100 च्या वर सतत राहत असेल, किडनीत किंवा डोळ्यांत बिघाड दिसत असेल, तर थांबू नये. गोळी लागलीच तर आणखी एक: थायरॉइड फार कमी असताना रक्तातलं सोडियम आधीच खाली असू शकतं, आणि थायझाइड जातीची लघवी वाढवणारी गोळी ते आणखी खाली आणते. सोडियम बघूनच ती द्यावी.

सांजवात

घरी मोजायचं म्हणजे नीट मोजायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर टेकवलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. पट्टा दंडाला लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. इथे दोन-चार अंकांवर निर्णय होणार आहे, म्हणून हे लिहिलं.

निशिगंध

आज इको आणि ईसीजी झाला. ईसीजीवर "लो व्होल्टेज" लिहिलंय. इकोमध्ये ईएफ 58 टक्के, "ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन" आणि हृदयाभोवती "थोडं पाणी, 6 मिमी". बहीण हे वाचून हादरली आहे.

स्पष्टवक्ता

ईएफ 58 म्हणजे हृदय उत्तम. बाकीचं सोडून द्या.

इकोवाली

सोडून देऊ नका, घाबरूही नका. ईएफ फक्त आकुंचन सांगतो. थायरॉइड कमी असताना आधी बिघडतं ते हृदयाचं सैल होणं.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, त्याने ती आकसते. मग तेच कॅल्शियम पंप करून पेशीतल्या कोठारात परत भरावं लागतं, तेव्हा ती सैल होते. हा भरणारा पंप किती बनवायचा हेही टी3 ठरवतं. पंप कमी पडले की कॅल्शियम रेंगाळतं आणि डावा कप्पा उशिरा सैल होतो. पडद्यावर ते असं दिसतं: ठोक्यानंतर कप्पा स्वतःहून भरतो ती पहिली लाट बुटकी, आणि वरचा कप्पा ढकलून भरतो ती दुसरी लाट उंच. याला ग्रेड 1 म्हणतात. विसाव्यात त्रास होत नाही, जिना चढताना नाडी वाढली की भरायला वेळ पुरत नाही आणि दम लागतो. बहिणीला "मी आळशी झाले" असं वाटत असेल तर त्यामागे हेही असू शकतं.

एक सावधगिरी: हीच खूण वाढलेल्या बीपीनेही उमटते, आणि साठी-सत्तरीत नुसत्या वयानेही. म्हणून एका इकोवरून दोष थायरॉइडवर टाकता येत नाही. उपचारानंतर पुन्हा इको केल्यावर लाटा पालटल्या तर उत्तर मिळतं.

निशिगंध

आणि पाणी? ते काढावं लागेल का?

इकोवाली

6 मिमीला सुई लावत नाहीत. थायरॉइडमुळे हे पाणी फार सावकाश साठतं, त्यामुळे आवरणाला ताणायला वेळ मिळतो. कित्येकदा बरंच पाणी असूनही हृदयावर दाब येत नाही. थायरॉक्सिनने ते शोषलं जातं, पण त्याला महिने लागतात, आठवडे नाही. बीपी पडणं, मानेच्या शिरा फुगणं, झोपल्यावर दम कोंडणं, यातलं काही झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ईसीजीवरचं लो व्होल्टेजही बहुधा यातूनच. पाणी आणि सूज, दोन्हींमधून विजेचा सिग्नल क्षीण होऊन येतो. "हृदय कमजोर" असा त्याचा अर्थ नाही.

रानफूल

माझा टीएसएच 6.1 आहे, टी4 नॉर्मल. एलडीएल 162. मी पण थायरॉक्सिन घेतलं तर एलडीएल उतरेल ना? वर लिहिलंय की तो कोलेस्टेरॉलवरचा उपाय आहे.

पॅथलॅब

रानफूल, तो उपाय ओपीडीतला यांनी 68 टीएसएच आणि 0.3 टी4 साठी सांगितला. तुमचं टी4 पुरेसं आहे, म्हणजे रिसेप्टरना हुकूम पोचतोय. तुमच्या 162 मधलं थायरॉइडचं देणं बहुधा थोडंसंच आहे, बाकीचं वंश, वजन, आहार यांचं.

त्याआधी टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. मोठ्या आजारातून उठताना तो तात्पुरता वाढतो, पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनने टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त येतो.

आडवाटेने

रानफूल, 10 च्या खालच्या टीएसएचला गोळी देऊन हृदयाचं भलं होतं हे सिद्ध झालेलं नाही. 2010 मध्ये अनेक देशांतल्या 55 हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा हृदयविकाराचा वाढीव धोका 10 आणि त्यावरच्या टीएसएचला ठळक दिसला. 2017 मध्ये 65 वर्षांवरच्या 737 लोकांना निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना नुसती साखरगोळी देऊन पाहिलं. लक्षणांत फरक पडला नाही.

सांजवात

ते 65 वरचे होते. रानफूल चाळिशीतल्या असतील, थायरॉइडच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह असतील, गरोदरपणाचा विचार असेल, तर गणित वेगळं. तरुण माणसात तीन महिने गोळी देऊन पाहायला हरकत नाही असं मानणारे डॉक्टर बरेच आहेत.

आडवाटेने

गरोदरपणाचं गणित पूर्ण वेगळं, त्यावर वाद नाही. बाकी "देऊन पाहायला हरकत नाही" यातच हरकत आहे. सुरू झालेली गोळी कुणी बंद करत नाही. दहा वर्षांनी वजन घटतं, डोस तोच राहतो, टीएसएच 0.1 पर्यंत खाली जातो आणि मग हृदयाची लय अनियमित होते, हाडं ठिसूळ होतात. कमी थायरॉइडने हृदय बिघडतं तसंच जास्त गोळीनेही बिघडतं.

सांजवात

तो गोळीचा दोष नाही, दरवर्षी टीएसएच न करण्याचा दोष आहे. आपलं यावर जुळणार नाही, निशिगंधच्या प्रश्नाकडे वळू.

चैत्रपालवी

माझं चुकलं होतं, कळलं. एक विचारते: थायरॉक्सिन पूर्ण डोसने सुरू करायचं की थोडं थोडं? कुणी म्हणतं 25 पासूनच.

ओपीडीतला

पूर्ण डोस किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम. 62 किलोला 99, म्हणजे 100 ची गोळी. वय कमी, हृदयविकाराचं लक्षण नाही, तर सरळ 100 ने सुरू करता येतं. 2005 मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती, हृदयाची तक्रार नसलेल्यांत पूर्ण डोस सुरक्षित ठरला आणि टीएसएच लवकर जागेवर आला.

म्हाताऱ्या माणसाला, किंवा चालताना छातीत भरून येणाऱ्याला, 12.5 किंवा 25 ने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी वाढवतात. कारण साधं आहे. थायरॉक्सिनने नाडी वाढते, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, आणि अरुंद झालेली धमनी तो वाढीव पुरवठा देऊ शकत नाही. अशा वेळी उपचारानेच छातीत दुखणं उघड होतं.

या बहिणीच्या बाबतीत, इकोमध्ये पाणी आहे आणि आजार बराच जुना दिसतोय, तर मी 50 ने सुरू करून तीन आठवड्यांनी 100 करीन. दुसरा कुणी सरळ 100 देईल, तेही चूक नाही.

फार्मसीखिडकी

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब. कंपनी वारंवार बदलू नका, बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

निशिगंध

50 ने सुरू केलं, तीन आठवड्यांनी 100 होणार. टीएसएच कधी करायचा?

पॅथलॅब

पूर्ण डोस सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सात दिवस लागतात, म्हणून पातळी स्थिरावायलाच पाचेक आठवडे जातात, आणि टीएसएच त्याच्याही मागून चालतो. टीएसएच हा जुन्या कचेरीतल्या कारकुनासारखा, सहा आठवडे झाल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही :) लिपिड त्याच दिवशी करा, आधी नाही. दोन आठवड्यांनी लिपिड करून "काही फरक नाही" म्हणणारे फार भेटतात.

रानफूल

मी रिपोर्ट पुन्हा करते आणि मगच ठरवते. आभार सगळ्यांचे.

निशिगंध

(अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतेय. 100 सुरू होऊन आठ आठवडे झाले. टीएसएच 27. एकूण कोलेस्टेरॉल 264, एचडीएल 51, ट्रायग्लिसराइड 160, एलडीएल 181. घरच्या बीपीची सरासरी 128/92, नाडी 62. डॉक्टर डोस 125 करू म्हणाले. बहीण म्हणते 222 चं 181 एवढंच? स्टॅटिन घेतलं असतं तर बरं झालं असतं.

स्पष्टवक्ता

मी म्हटलं होतं. डोस वाढवा.

फार्मसीखिडकी

थांबा. 62 किलोला 100 आठ आठवडे, आणि टीएसएच अजून 27? डोस कमी असण्याआधी गोळी पोटात नीट शोषली जाते का ते बघा. सकाळी गोळीबरोबर किंवा तासाभरात ती आणखी काय घेते, एकूण एक गोष्ट विचारून इथे लिहा. अॅसिडिटीची गोळीसुद्धा.

निशिगंध

विचारलं. स्नायू दुखतात म्हणून तिने स्वतःच कॅल्शियमची गोळी सुरू केली होती. "सकाळच्या गोळ्या एकदमच उरकते" म्हणाली. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम एकाच घोटात.

फार्मसीखिडकी

सापडलं. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतं आणि दोन्ही बाहेर पडतात. 100 गिळली तरी रक्तात 100 चा परिणाम पोचत नव्हता. डोस वाढवू नका. वाढवला आणि मग कधी कॅल्शियम बंद झालं तर तोच 125 जास्त पडेल. थायरॉक्सिन सकाळी, कॅल्शियम रात्री, आणि हे डॉक्टरांना सांगा. ते स्वतःच डोस 100 वर ठेवतील.

ओपीडीतला

शंभर टक्के. आणि 181 वर निराश होऊ नका. टीएसएच 27 असताना हिशोब मांडायचाच नसतो, थायरॉइड अजून कमीच आहे. एवढ्यावरही नाडी 54 ची 62 झाली, खालचं बीपी 98 चं 92 झालं. क्रम असाच असतो. नाडी आणि धमन्या आधी हलतात, मग कोलेस्टेरॉल, आणि हृदयाचं सैल होणं व पाणी सर्वांत शेवटी.

निशिगंध

(आणखी चार महिन्यांनी)

डॉक्टरांनी 100 च ठेवली, कॅल्शियम रात्री. पुढच्या आठ आठवड्यांनी टीएसएच 3.1, फ्री टी4 1.3. एकूण कोलेस्टेरॉल 206, एचडीएल 50, ट्रायग्लिसराइड 130, एलडीएल 130. सीपीके 120. बीपी 122/80, नाडी 70. स्नायू दुखायचे थांबले. बीपीची गोळी लागलीच नाही.

काल पुन्हा इको केला. ईएफ 61. "डायस्टोलिक फंक्शन नॉर्मल". पाणी नाही. ईसीजीवरचं लो व्होल्टेजही गेलं.

आता मूळ प्रश्न राहिलाय. एलडीएल 130 साठी स्टॅटिन घ्यायचं का?

इकोवाली

लाटा पालटल्या म्हणजे उत्तर मिळालं. थायरॉइड आणि त्याने चढलेलं बीपी, दोन्ही एकदम सुधारली, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे वेगळं करता येणार नाही. पण वयाचा तो दोष नव्हता एवढं नक्की.

ओपीडीतला

आता जे 130 उरलंय ते तिचं स्वतःचं आहे. थायरॉइडने घेतलेलं परत झालं: 222 मधले 92 त्याचे होते. यापुढे थायरॉइड विसरून, थायरॉइड नसलेल्या 47 वर्षांच्या बाईसारखा निर्णय घ्यायचा. मधुमेह नाही, बीपी आता नॉर्मल. ती तंबाखू ओढत-खात नाही असं धरतो. घरात लहान वयात हृदयविकार कुणाला?

निशिगंध

तंबाखू नाही. वडिलांना 58 व्या वर्षी अटॅक आला होता.

ओपीडीतला

पुरुषांत 55 च्या आत आला तर तो "लहान वयातला" धरतात. 58 काठावर आहे. या माहितीवर मी आत्ता स्टॅटिन देणार नाही, आहार आणि व्यायामावर सहा महिने ठेवून पुन्हा लिपिड बघीन.

आडवाटेने

मी काठावरच्या माणसाला एवढ्या सहज सोडणार नाही. लायपोप्रोटीन ए, म्हणजे वंशाने ठरणारा एलडीएलसारखा कण, एकदा मोजा. ते जास्तच असेल तर वडिलांच्या 58 ला वेगळं वजन येतं, आणि थायरॉक्सिनने ते भरवशाने उतरत नाही. एकदाच करायची तपासणी आहे.

सांजवात

यावर आडवाटेने यांच्याशी सहमत, या धाग्यावर पहिल्यांदाच :)

स्पष्टवक्ता

स्टॅटिन लगेच सुरू करा असं मी म्हणत होतो, ते इथे चुकलं असतं. तेव्हा सुरू केलं असतं तर 130 बघून सगळं श्रेय स्टॅटिनला दिलं असतं आणि ती गोळी जन्मभर चालली असती. एक शंका उरली: टीएसएच 3.1 आहे, तो 1 वर आणला तर एलडीएल आणखी उतरेल का?

पॅथलॅब

नॉर्मलच्या आतल्या आत टीएसएच खाली ढकलून एलडीएलमध्ये मिळतं ते फार थोडं. त्यासाठी डोस वाढवणं मला पटत नाही. 3.1 वर राहू दे. सहा महिन्यांनी एकदा, मग वर्षातून एकदा टीएसएच करा. वजन बरंच बदललं किंवा नवीन कुठलीही रोजची गोळी सुरू झाली तर सहा आठवड्यांनी.

निशिगंध

लायपोप्रोटीन ए पुढच्या आठवड्यात करतोय. आला की इथेच टाकते.